दोन जावा आणि सुईचा मान

वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा मला वाटलं होतं, आपलं भांडण रोगांशी असेल. वर्षभरात कळलं की रोग त्या मानानं सभ्य असतात. ते आपली लक्षणं सरळ दाखवतात आणि योग्य औषध मिळालं की निघून जातात. माणसं यातलं काहीच करत नाहीत.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. वेल्हं म्हणजे तालुक्याचं गाव म्हणायचं एवढंच. मामलेदार कचेरी, पोलीस ठाणं, आमचा कौलारू दवाखाना आणि चिखल. दवाखान्यात मी, एक सिस्टर, चार खाटा, एक सूक्ष्मदर्शक आणि औषधांचं एक कपाट. त्या कपाटात सल्फाच्या गोळ्या मुबलक असत आणि बाकी सगळ्याची वाट पाहायची असे.

माझा प्रतिस्पर्धी मात्र बाजारच्या दिवशी भोरहून एस.टी.नं येई. चहाच्या हॉटेलातला एक बाक त्याच्यासाठी राखलेला असे. त्याची पदवी कसली हे मला कधी कळलं नाही, आणि त्यालाही नीट माहीत असेल असं वाटत नाही. कातडी बॅग, काचेची सिरिंज आणि दोन सुया, हे त्याचं वैद्यकशास्त्र. लाल औषध अशक्तपणाला, पांढरं बाकी सगळ्याला. पांढरं म्हणजे पेनिसिलीन. खोकला असो, खरूज असो, सासूचा जाच असो, दंडात पांढरं जायचंच. एका माणसाचं झालं की सुई स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची आणि दुसऱ्याला लावायची. लोक त्याला 'सुईवाले डॉक्टर' म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणत. मी गोळ्या देते म्हणून मी 'गोळ्यावाली बाई'. ते कौतुकानं म्हणत नसत.

एका आषाढात, भाताच्या लावणीची घाई चालली असताना, दवाखान्याच्या दारात जीप येऊन थांबली. जीप गुंजवण्याच्या बाजूच्या एका ठेकेदाराची होती. हा गृहस्थ रस्त्यांना खडी पुरवायचा. त्यानं पुरवलेल्या खडीचे रस्ते दर पावसाळ्यात वाहून जात आणि दर उन्हाळ्यात तोच पुन्हा पुरवायचा, त्यामुळे त्याचं बरं चाललं होतं. डोक्याला फेटा, मनगटावर घड्याळ, आणि समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायची सवय नाही. मागून त्याची बायको उतरली. चाळिशी ओलांडलेली, ठसठशीत कुंकवाची, चेहरा आंबट करून चालणारी.

ठेकेदारानं माझ्या टेबलावर पुठ्ठ्याची एक पेटी ठेवली.

"बाई, पुण्यावनं आणल्यात. भारीतल्या सुया हायत. हिला टोचा."

पेटीत ॲम्पिसिलीनच्या कुप्या होत्या. तेव्हा हे औषध आमच्यासारख्या दवाखान्यात दिसायचंही नाही. मी वर पाहिलं.

"काय होतंय त्यांना?"

"ते कशाला? सुईवाल्या डॉक्टरांनी लिवून दिलंय. त्यांची पांढरी सुई झाली, गुण न्हाई आला. म्हनले, आता ही भारी लागंल. ते रोज हितं येत न्हाईत, म्हनून तुमच्याकडं आनलं."

म्हणजे मी सुई टोचायचं यंत्र. मी त्याला बाहेर ओसरीवर बसायला सांगितलं. त्याला ते आवडलं नाही, पण बायकोचं दुखणं बायकी आहे हे आठवून तो उठला.

तो गेल्यावर बाई मोकळी झाली. "उन्हाळी लागल्यात बाई," ती म्हणाली. लघवीला जळजळ होते त्याला आमच्याकडे उन्हाळी लागणं म्हणतात. "सारखं जावंसं वाटतं. गेलं की चार थेंब. आन शेवटाला तर जीव जातो. धने-जिऱ्याचं पानी पेले, काय फरक न्हाई."

"ताप?"

"न्हाई."

"थंडी? उलटी?"

"सकाळी दोन भाकरी खाऊन आले."

ओटीपोटावर दाबलं की दुखत होतं. पाठीकडे, बरगड्यांच्या खाली दोन्ही बाजूंना मी हलकेच ठोकून पाहिलं. काही नाही. लघवी गढूळ होती. सूक्ष्मदर्शकाखाली पुवाच्या पेशी भरपूर, थोड्या रक्ताच्या. मूत्राशयाला, म्हणजे लघवीच्या पिशवीला झालेला जंतुसंसर्ग. त्रासदायक खरा, पण साधा. सुईवाल्याच्या पेनिसिलीननं तो बरा होणार नव्हताच, कारण हे जंतू आतड्यातून आलेले असतात आणि त्या साध्या पेनिसिलीनला ते फारशी दाद देत नाहीत. गोळ्यांनी मात्र बरा होतो. सल्फाची गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून लघवीत उतरते. पिशवीतले जंतू त्या लघवीतच बसलेले असतात, तेव्हा औषध आपोआप त्यांच्या अंगावर जातं. आठवडाभर गोळ्या आणि भरपूर पाणी. हल्ली याहून कमी दिवसांत भागतं, तेव्हा आम्ही आठवडा देत असू.

मी ठेकेदाराला आत बोलावून हे सांगितलं. त्याचा चेहरा असा झाला जणू मी त्याच्या पंक्तीला पक्वान्नाऐवजी केळीचं साल वाढलं.

"गोळ्या? माझ्या बायकूला? गोळ्या मी खडी फोडनाऱ्या बायांना देतो."

"मग त्या बायांचं बरं चाललंय," मी म्हणाले.

"बाई, म्या पुण्यास्नं भारीतलं औशीद आनलं. तुमास्नी टोचता येत नसंल तर तसं सांगा."

त्या माणसाशी रोगाबद्दल बोलण्यात अर्थ नव्हता, कारण तो रोगाबद्दल बोलतच नव्हता. त्याच्या घरात बायकोला सुई म्हणजे बायकोला पैठणी. चारचौघांत सांगता आली पाहिजे. बायकोला होतंय काय, हे त्यानं एकदाही विचारलं नाही, आणि मी सांगितलं ते त्यानं ऐकलं नाही.

तेवढ्यात बायकोच मधे बोलली. "बाई, जीपमधी माझी धाकटी जाऊ हाय. तिला बगा की जरा."

"तिला काय बगायचं?" ठेकेदार म्हणाला. "लावनी आली की तिला हिवताप येतो. हिवतापवाला येऊन रगत घेऊन गेला, गोळ्या दिऊन गेला. ही म्हनली म्हनून जीपमधी घातली."

धाकटीचा नवरा, म्हणजे ठेकेदाराचा भाऊ, मिलिटरीत होता. घरात तिच्या बाजूनं बोलायला ही जाऊ सोडली तर कुणी नव्हतं. सिस्टर आणि मी बाहेर गेलो. जीपच्या मागच्या भागात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर विशीतली एक मुलगी घोंगडीत गुंडाळून पडली होती. घोंगडी हलत होती. तिचे दात एकमेकांवर आपटत होते. हाताला चटका बसावा इतकं अंग तापलेलं. शेजारी ओकारीची खूण. ज्याची बायको भाकरी खाऊन आली होती तो माणूस हिच्या पुढ्यात, ऐटीत बसून, जीप हाकत आला होता.

आम्ही तिला धरून आत नेलं. काचेच्या नळीतला पारा एकशे चारच्या जवळ गेला. ती धड बोलत नव्हती, सिस्टरनं ओठाला पाणी लावलं तेव्हा थोडंथोडं सांगितलं. आधी तिलाही लघवीला जळजळत होतं. कुणाला सांगितलं नाही. लावणीला ओळीत उभं राहिलं की ओळ सोडून जाता येत नाही, बाप्ये बांधावर उभे असतात. म्हणून पाणीच कमी प्यायची आणि लघवी धरून ठेवायची. मग एक दिवस उजव्या कुशीत दुखायला लागलं आणि हुडहुडी भरली. हिवतापाच्या गोळ्या उलटून पडल्या. भात तर दोन दिवस पोटात राहिला नव्हता.

मी तिला बसतं केलं आणि उजव्या बाजूला, पाठीत, शेवटच्या बरगडीखाली मुठीच्या कडेनं अगदी हलकं ठोकलं. ती किंचाळली आणि तिनं सिस्टरचं पातळ मुठीत धरलं. डाव्या बाजूला तसंच ठोकलं तर काही नाही.

रक्ताची काच करून पाहिली. हिवतापाचे जंतू दिसले नाहीत. लघवीत पू होता, आणि पुवाच्या पेशी एकमेकींना चिकटून झालेल्या लांबट, नळीच्या साच्यातून काढल्यासारख्या कांड्याही होत्या. अशा कांड्या पिशवीत तयार होत नाहीत. त्या मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांत तयार होतात. रोग पिशवीतून वर चढून मूत्रपिंडात शिरला होता. पाळी चुकली नव्हती ना, तेही विचारून घेतलं. नव्हती.

आता माझ्यासमोर दोन जावा होत्या, एकाच घरातल्या, बहुधा एकाच जातीच्या जंतूनं आजारी पडलेल्या. एकीला गोळ्या पुरत होत्या आणि तिच्या नावानं इंजेक्शनांची पेटी आली होती. दुसरीला इंजेक्शनं तातडीनं हवी होती आणि तिला गोण्यांवर घालून आणलं होतं.

मी ठेकेदाराला बसवलं. "बोकड कापता तेव्हा गुर्दे खाता ना?"

"व्हय."

"तसेच माणसाला असतात, पाठीत, कमरेच्या वर. तिथं लघवी तयार होते आणि खाली पिशवीत साठते. तुमच्या बायकोची पिशवी बिघडलीय. पिशवी म्हणजे रांजण. औषध लघवीतून आलं की रांजण धुतला जातो. हिचा गुर्दा बिघडलाय. तो रक्तामांसाचा गोळा आहे. त्याच्या आत जंतू शिरलेत. तिथं रक्तातून भरपूर औषध पोचलं पाहिजे. आणि हिच्या पोटात गोळी राहत नाही, म्हणून आत्ता सुईच हवी. दर सहा तासांनी. ही पेटी हिला लागेल."

"ती पेटी माझ्या बायकूची हाय."

"हे जंतू इथून रक्तात पसरले तर ही पोरगी मरेल. कळतंय?"

"पोरी अशा मरत न्हाईत बाई. लई चिवट असत्यात."

मी बऱ्याच माणसांचं बरंच बोलणं विसरले आहे. हे वाक्य विसरलेले नाही. तो रागानंही बोलला नव्हता. बैलाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. पेटी टेबलावर होती आणि ठेकेदाराचा हात पेटीवर. तेव्हा त्याची बायको उठली. ओटीपोट धरून, आंबट चेहऱ्यानंच ती टेबलापाशी आली आणि नवऱ्याचा हात बाजूला केला.

"ही पेटी कुनासाठी आनली?"

"तुझ्यासाठी."

"मग माजी झाली का न्हाई?"

"तुजीच की."

"मग म्या माजी पेटी धाकटीला दिली. बाई, घ्या. मला तुमच्या त्या गोळ्या द्या."

चार माणसांत बायकोला दिलेली वस्तू परत कशी घ्यायची? तो ज्या प्रतिष्ठेच्या जोरावर आला होता तिनंच त्याचे हात बांधले. फेटा सारखा करत तो बाहेर गेला, आणि ओसरीवरच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "सरकारी दवाखाना! सुया सुदीक आपल्या घरनं आनाव्या लागत्यात."

थोरलीला सल्फाच्या गोळ्या दिल्या. आठवडाभर घ्यायच्या, भरपूर पाणी प्यायचं, जळजळ थांबली तरी थांबायचं नाही, हे तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. धाकटीला खाटेवर घेतलं. हातावर औषधाचा एक थेंब कातडीखाली टोचून पाहिला, गांध उठली नाही, म्हणजे औषध तिला सोसणार होतं. मग पहिलं इंजेक्शन दिलं आणि सलाइन लावलं. सिस्टर स्टोव्हवर सिरिंज उकळायची आणि घड्याळ बघून टोचायची. ती दवाखान्याच्याच मागच्या खोलीत राहायची म्हणून हे जमलं.

दुसऱ्या दिवशीही थंडी वाजून ताप आला. असं होतंच. मूत्रपिंडाचा ताप उतरायला औषध सुरू झाल्यावर दोन-तीन दिवस लागतात. उलट्या मात्र थांबल्या आणि थंडीचा जोर कमी झाला. पण नेमका तो बाजारचा दिवस होता. ठेकेदार सुईवाल्याला घेऊन आला.

सुईवाला माझ्या दवाखान्यात प्रथमच येत होता. कपाटाकडे, खाटांकडे त्यानं दयेनं पाहिलं. धाकटीच्या कपाळाला हात लावला. नाडी पाहिल्यासारखं केलं, घड्याळ न बघता.

"ताप हाय अजून," तो मला म्हणाला. "डोस कमी पडतोय, डॉक्टरीणबाई. याच्यात माझी लाल एक मिसळा. आपल्या हितल्या लोकांना सुईत दम लागतो."

"लाल कशासाठी?"

"ताकदीसाठी."

"आणि यांच्या बायकोला पेनिसिलीन कशासाठी दिलंत?"

"जळजळीसाठी."

"लघवी तपासली होतीत?"

तो हसला. "बाजारात कुठं लघवी तपासनार? आन आपल्याला चेहरा बगून कळतं."

त्याच्या शर्टाच्या खिशाला लाल औषधाचा डाग पडला होता. मी त्याला म्हणाले, "चेहरा बघून कळत असेल तर आरसा घ्या. माझ्या पेशंटला हात लावू नका." त्याला राग आला नाही. असल्या माणसांना राग येत नाही, त्यांना गिऱ्हाईक दिसतं. तो ठेकेदाराकडे वळून म्हणाला, "शिकलेल्या हायत. हट्टी असनारच." आणि दोघं चहाला गेले.

मी मनाशी ठरवलं होतं, तिसऱ्या दिवशी ताप खाली आला नाही तर हिला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचं. मग खडा अडकलाय का, पू साठलाय का, ते फोटो काढून पाहावं लागलं असतं. पण तिसऱ्या दिवशी पारा शंभराच्या खाली आला. धाकटीनं मऊ भात मागितला. चौथ्या दिवशी ताप नव्हता. पाठीला ठोकलं तर ती नुसती अंग चोरून घ्यायची. तिनं सिस्टरकडे फणी मागितली तेव्हा सिस्टर म्हणाली, "आता ही बरी झाली."

बरी नव्हती झाली, बरी होऊ लागली होती. मी आणखी एक दिवस इंजेक्शनं दिली, ताप परतत नाही हे पाहिलं आणि मग तेच औषध तोंडानं द्यायचं ठरवलं. ॲम्पिसिलीनच्या कॅप्सूल आमच्याकडे नव्हत्या. भोरच्या औषधाच्या दुकानाला चिठ्ठी लिहून एस.टी.च्या कंडक्टरकडे दिली. दुसऱ्या दिवशी त्यानं पुडकं आणून दिलं. सगळे मिळून दोन आठवडे पुरे करायचे होते. इंजेक्शनाचे दिवस त्यात धरून.

ठेकेदार तिला न्यायला आला तेव्हा मी त्याच्या हातात कॅप्सूल ठेवल्या. मला वाटलं होतं, हा माणूस खूश होईल, त्याची उरलेली पेटी परत मिळतेय. छे!

"सुई बंद?" तो म्हणाला.

"बंद. आता ही जेवते, पाणी पिते, पोटात औषध राहतं. आता तोंडानं घेतलं तरी पुरेसं रक्तात जातं."

"म्हंजे अर्ध्यात सोडली. आमच्या घरच्या बाईला गोळ्यांवर भागवलं."

पाचच दिवसांपूर्वी हाच माणूस त्याच सुया त्याच बाईला द्यायला तयार नव्हता! आता गावात गवगवा झाला होता की ठेकेदारानं भावजयीसाठी पुण्याहून पेटी आणली. तेव्हा सुया थांबल्या तर त्याची पत जाणार होती.

मी एक कुपी फोडली आणि पूड कागदावर ओतली. शेजारी कॅप्सूल उघडून तीही ओतली. दोन पांढऱ्या ढिगल्या.

"बघा. तेच औषध. एक पाण्यात कालवून टोचतात, एक गिळतात."

त्यानं खाली वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सुईच्या पुडीकडे बोट करून म्हणाला, "ही जास्त पांढरी हाय."

मी कागद गोळा करून टाकून दिला.

पुढच्या आठवड्यात थोरली एकटीच आली, पायी, गुडघ्यापर्यंत चिखलात भरून. आल्या आल्या म्हणाली, "बाई, तुमच्या गोळ्या भिकार. पुना जळजळतंय."

"किती दिवस घेतल्या?"

"दोन. मंग थांबलं की."

"उरलेल्या?"

"शेजारनीला दिल्या. तिला बी उन्हाळी लागल्याती. तिनं धा घरं सोडून आपल्या बहिनीला दिल्या."

आठवडाभराच्या गोळ्या तीन बायकांत वाटल्या गेल्या होत्या, हळदीकुंकवाच्या वाणासारख्या, आणि तिघींचीही जळजळ ठिकाणावर होती. मी तिला बरंच बोलले. जंतू दोन दिवसांत दबतात, मरत नाहीत, उरलेले पुन्हा वाढतात, हे सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. पाठीला ठोकून पाहिलं, ताप पाहिला, लघवी पाहिली. रोग होता तिथंच, पिशवीतच होता. तिला पुन्हा आठवड्याच्या गोळ्या दिल्या, आणि शेजारणीला व तिच्या बहिणीला इकडे पाठव म्हटलं.

गोळ्या पदरात बांधता बांधता तिनं विचारलं, "धाकटीनं बी मधीच सोडल्या तर?"

"सोडल्या?"

"ह्यांनी बंद केल्या. म्हनले, गोळ्यांनी गर्मी हुती. सुईवाल्याला घरी आनला. त्यानं लाल सुई टोचली, म्हनला, ताप गेला, आता औशीद बंद."

मी उठलेच. छत्री घेतली. तुझ्याबरोबर आत्ता घरी येते म्हटलं, आणि त्या दोघांना काय बोलायचं ते मनात जुळवायलाही लागले. थोरलीनं माझा हात धरला.

"बसा बाई. म्या बंद हू दिल्या न्हाईत. तांदळाच्या कनगीत ठेवल्यात. सकाळी उठून चुलीपाशी एक देते, दुपारी शेतात भाकरीसंगं एक, सांच्याला एक, आन निजायच्या टायमाला एक. ह्यांना पत्ता न्हाई. तुमी आलात तर कळंल. मंग कनगी हुडकतील."

"आणि स्वतःच्या मात्र वाटून टाकल्यास?"

"माज्या साध्या हुत्या," ती म्हणाली. "तिच्या जिवाच्या हुत्या. तुमीच म्हनला न्हवं, पोरगी मरंल."

म्हणजे तिनं ऐकलं होतं. मी त्या दिवशी बोलत होते ठेकेदाराशी, ऐकत होती ती. स्वतःपुरता नियम तिला लागू वाटला नव्हता, एवढंच. मी छत्री खाली ठेवली. पुढे मग आमच्यात ठरलं की मी गप्प राहायचं, धाकटीला लावणीत फार वेळ वाकून राहू द्यायचं नाही, तिला पाणी पाजायचं, आणि ती लघवीला निघाली की थोरलीनंही ओळ सोडून तिच्याबरोबर जायचं. ठेकेदारणीला बांधावरचा गडी काय बोलणार?

दोन आठवडे भरल्यावर काही दिवसांनी दोघी मिळून आल्या. बाजाराचं निमित्त करून. धाकटीच्या गालावर थोडं मांस आलं होतं. मी दोघींची लघवी तपासली. दोन्ही काचा स्वच्छ. धाकटीच्या पाठीला दोन्ही बाजूंनी ठोकून पाहिलं, तर तिला हसू आलं. पुन्हा थंडी-ताप आला, कुशीत दुखलं, नुसती जळजळ सुरू झाली तरी त्याच दिवशी यायचं, हे तिला सांगितलं. थोरलीला सांगायची गरज नव्हती, तिची मान माझ्या आधीच हलत होती.

त्याच दिवशी बाजारात ठेकेदारानं सुईवाल्याला नारळ आणि टॉवेल दिला. भर हॉटेलात, लोकांसमोर. भावजय मरणाच्या दारात होती, सरकारी दवाखान्यानं अर्ध्यात सोडली, यांच्या एका लाल सुईनं उठून बसली, असं त्यानं सांगितलं. सुईवाल्यानं हात जोडून 'देवाची कृपा' वगैरे म्हटलं. त्यानंतर त्याच्या बाकापुढची गर्दी आणखी वाढली आणि त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला लाल सुई हवी असे. टॉवेल दिला जात होता तेव्हा मी आणि सिस्टर समोरूनच भाजी घ्यायला निघालो होतो. ठेकेदारानं मला पाहिलं आणि हात वर करून मोठ्यानं म्हणाला, "या बाई, पेढा घ्या! तुमी बी जरा हातभार लावला हुता."

मला वाटलं, सगळं इथंच सांगून टाकावं. कनगी, कॅप्सूल, सगळं. पण मग कनगीवाली घरी जाऊन काय भोगणार, हेही दिसत होतं. आणि त्या माणसाला कळून तरी काय उपयोग होता? ज्याला दोन सारख्या ढिगल्यांत एक जास्त पांढरी दिसते त्याच्यापुढे पुरावा ठेवणं म्हणजे आपलाच अपमान. मी म्हणाले, "पेढा नको. माझे दात चांगले आहेत, ते तसेच राहू देत." आणि पुढे गेले.

सिस्टर वाटेत चिडून म्हणाली, "बाई, तुमी बोलायला पायजे होतं. पोरीला आपण वाचवलं आन टावेल त्याला."

"टॉवेलचं काय करायचंय आपल्याला?"

"पुसायला झाला असता," ती म्हणाली.

भाजीच्या ओळीच्या टोकाला त्या दोघी बसल्या होत्या, मिरच्या निवडत. आम्हाला त्यांनी ओळख दाखवली नाही, दाखवायची नाही असंच ठरलेलं होतं. थोरली धाकटीवर खेकसत होती. तांब्या भरून तिच्यापुढे धरला होता आणि म्हणत होती, "पी. समदा पी. अर्धा ठेवू नगंस."